पार्लरचा लोड वाढवताना अडलं ते बिलावरच्या नावापाशी

साताऱ्यात माझं दोन खुर्च्यांचं लेडीज पार्लर आहे. दुकान भाड्याचं, वीजजोडणी व्यावसायिक आणि मंजूर भार 3 किलोवॅट. आधी त्यात भागत होतं. मग 1.5 टनाचा एसी घेतला, आणि लग्नसराईत दर दुसऱ्या दिवशी मेन एमसीबी पडायला लागली.

ती लगेच पडत नसे, हीच पंचाईत होती. एसी 1600 वॅट, हातातला ड्रायर 2000, दिवे-पंखे 300, मिळून साधारण 17 अँपिअर होतात. 16 अँपिअरची एमसीबी एवढं बराच वेळ सोसते. मग मुलगी केस धुवायला म्हणून गिझर लावायची आणि आकडा 25 च्या पुढे जायचा. तरीही मिनिट-दोन मिनिटं सगळं सुरळीत चालायचं. आतली पट्टी तापली की खटकन अंधार, आणि नवरीचे केस अर्धे ओले.

इलेक्ट्रिशियनदादांना म्हटलं, मोठी एमसीबी टाका. ते म्हणाले, "ताई, आतली वायर तीच राहिली तर आता एमसीबी पडते, मग वायर जळेल. आधी लोड वाढवून घ्या." अगदी बरोबर होतं ते.

ऑनलाइन अर्ज भरायला पंधरा मिनिटं लागली. पुढे सात आठवडे गेले, त्याचा राग अजून गेलेला नाही.

पहिल्यांदा अर्ज परत आला, कारण मी 3 किलोवॅट लिहिले होते. मला 3 वाढवून हवे होते, पण त्या रकान्यात वाढीव धरून एकूण भार मागितला होता. चूक माझीच, लगेच सुधारली. दुसऱ्यांदा परत आला तो नावामुळे. बिल मालकांच्या वडिलांच्या नावावर, आणि त्यांना जाऊन नऊ वर्षं झालेली. बिल मी दर महिन्याला वेळेवर भरत होते, म्हणून नावाकडे कधी लक्षच गेलं नाही. खिडकीवर सांगितलं, "मॅडम, आधी नाव बदला, मग भार." मालक पुण्यात राहतात. मृत्यूचा दाखला घेऊन गेले, तर बहिणीचं संमतिपत्र हवं होतं. ते आणलं, तर चालू वर्षाची घरपट्टीची पावती हवी होती. प्रत्येक वेळी एकच कागद सांगायचे. पहिल्याच दिवशी तिन्ही सांगितले असते तर माझ्या चार फेऱ्या आणि मालकांच्या दोन पुणे-सातारा खेपा वाचल्या असत्या. दुकान भाड्याचं असेल तर आज बिल काढा, वरचं नाव वाचा आणि ती व्यक्ती हयात आहे का ते विचारा. गाळा घेतानाच हे करून टाकलेलं बरं.

या सात आठवड्यांत दुकान चाललं ते दादांमुळे. त्यांनी एक चेंजओव्हर स्विच बसवला: एका बाजूला एसी, दुसऱ्या बाजूला गिझर. दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत. 15 लिटरचं पाणी 25 वरून 50 अंशांवर न्यायला साधारण अर्धा युनिट लागतो, 2000 वॅटच्या गिझरला पंधरा मिनिटं. तेवढा वेळ एसी आणि ड्रायर दोन्ही बंद. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या पाणी तापवून ठेवलं की दुपारपर्यंत पुरतं.

शेवटी नाव बदललं, परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडला, कोटेशन भरलं आणि 6 किलोवॅट मंजूर झाले. मेनची वायर 6 चौरस मिलिमीटरची केली, एमसीबी 32 ची.

खर्चाचं सांगायचं तर युनिटचा दर छापील तक्त्यावर पाहू नका. बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट करा. माझं एका महिन्याचं 4,620 रुपये आणि 330 युनिट, म्हणजे 14 रुपये पडले. पंधरा मिनिटांच्या ब्लो-ड्रायला अर्धा युनिट, सात रुपये. ते मी आता दरात धरते.

इन्व्हर्टरवर ड्रायर चालेल का, असं बऱ्याच मैत्रिणी विचारतात. माझा 900 व्हीएचा आहे, 2000 वॅट त्याला पेलणारच नाहीत. 150 एएचच्या बॅटरीत कागदावर 1.8 युनिट असतात, हातात त्याहून बरेच कमी येतात. म्हणून त्यावर फक्त दिवे, पंखे, वॅक्स हीटर आणि स्ट्रेटनर ठेवलाय. वीज जाणार असा मेसेज आला की त्या वेळेत थ्रेडिंग, वॅक्सिंग आणि मेंदी घेते. केसांच्या अपॉइंटमेंट पुढे ढकलते.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: ड्रायर मल्टीप्लगवर लावू नका. तो जवळपास 9 अँपिअर ओढतो, मल्टीप्लग 6 चा असतो. माझ्या जुन्या प्लगची एक पिन तपकिरी पडली होती आणि भोवतीचं प्लास्टिक मऊ होऊन वाकलं होतं. वास मला आठवडाभर येत होता, पण तो केसांचा वाटत होता. आता दोन्ही खुर्च्यांजवळ 16 अँपिअरचे सॉकेट आहेत, प्रत्येकाला मेनपासून वेगळी वायर.