कुंकवाचे चार चौकोन

परवापासून मनातून जात नाहीये.

तेराव्यासाठी घाईत लावलेली ती फ्रेम बदलायची होती. आईचा हसतानाचा फोटो एकच, दादाच्या वास्तुशांतीचा, आणि त्यातही ती मागे दाराशी उभी. म्हटलं, चेहरा तेवढा कापून आठ बाय दहाचा करून घेऊ. स्टुडिओतल्या मुलाने पाहिल्या पाहिल्या मान हलवली. "एवढा मोठा केला तर फाटेल, ताई."

घरी येऊन लॅपटॉपवर फोटो मोठा करत बसले, हट्टाने. चिनू मांडीपाशी होती. "आई, आजी अशी ठोकळ्या-ठोकळ्यांची का दिसतेय?"

पिक्सेल म्हणतात त्याला, म्हटलं. तिचं समाधान होईना. मग पलंगाखालच्या ट्रंकेतून आईची दोसुती काढली, पोपटाची. लांबून पोपट, नाक लावून पाहिलं की नुसत्या फुल्या. एका फुलीला एकच रंग, अर्धी हिरवी अर्धी लाल अशी फुली नसते. चिनूने बोट ठेवून विचारलं, "आणि दोन फुल्यांच्या मधे काय आहे?" काही नाही गं. फोटोतही दोन चौकोनांच्या मधे काही नसतं. मोठं केल्यावर नवीन काही दिसत नाही, आहे तोच चौकोन मोठा होतो. हे तिला सांगताना माझाच घसा दाटला.

मग आम्ही मोजलं. अख्खा फोटो १२८० बाय ९६०, म्हणजे बारा लाखांवर चौकोन. त्यातला आईचा चेहरा ४० आडवे, ५० उभे. दोन हजार. आठ इंच रुंद छापला तर एकेक चौकोन अर्ध्या सेंटिमीटरचा होतो. तो मुलगा बरोबर होता.

कुंकवाला चार चौकोन. दोन लाल, दोन विटकरी. "आजीचं कुंकू तर गोल होतं," चिनू म्हणाली. होतंच. पण चौकोनाला रंग एकच घेता येतो. कुंकवाची कड ज्या चौकोनात आली, तिथे थोडं लाल आणि थोडं कपाळ मिसळून विटकरी झालं. गोलाई त्यात बुडाली.

आणि हे मला लागलंय. दादाच्या फोनमध्ये तो फोटो ४००० बाय ३००० होता. ग्रुपवर टाकताना आकसला, जवळजवळ दहा चौकोनांचा मिळून एक. कुंकवाला तेव्हा चाळीस तरी असतील. मूळ फोटो मागून घे, मागून घे, असं वर्षभर म्हणत राहिले. मग तो फोन बिघडला. वहिनीशी त्यावरून जे बोलले ते बोलायला नको होतं.

रात्री एका प्रोग्रामात चेहरा मोठा करून 'मऊ' करून पाहिला. चौकोन गेले, पण तो शेजारच्या रंगांची सरासरी काढून मधली जागा भरतो. मेणाचा चेहरा झाला. पुसून टाकला. चौकोनातली आई तरी आईच आहे.

झोपताना चिनूचा प्रश्न, पिक्सेल हे नाव कुणी ठेवलं? इंग्रजीत चित्रांना लाडाने 'पिक्स' म्हणत, त्याला एलिमेंट, म्हणजे घटक, या शब्दाचं 'एल' जोडलं. चित्राचा कण. छापील मजकुरात १९६५ साली आला, अवकाशयानांनी पाठवलेल्या चित्रांवर काम करणाऱ्या फ्रेड बिलिंग्स्ली यांच्या लेखात. तेही म्हणत की शब्द त्यांचा नव्हे, लोकांच्या तोंडी आधीपासून होता. पण चौकोन त्याहून जुने. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी स्कॅनर बनवून पहिला फोटो कॉम्प्युटरमध्ये घातला तो स्वतःच्या तान्ह्या मुलाचा, वॉल्डनचा. तीन महिन्यांचं बाळ. १७६ बाय १७६ चौकोन. म्हातारपणी त्यांना खंत वाटायची, की कण चौकोनीच ठेवले ते चुकलं.

त्या बाळाला जवळपास एकतीस हजार, माझ्या आईला दोन हजार. किती वेळ हाच हिशेब करत पडले होते. मग उठून तो फोटो पुन्हा उघडला, न कापता. दाराचं तोरण, दादाचं उपरणं, मागे ती, हातात पाण्याचा तांब्या. पूर्ण फोटो सहा बाय साडेचार छापला तर इंचाला दोनशेवर चौकोन पडतात, एकही डोळ्याला दिसणार नाही. आईचा चेहरा पाच मिलिमीटरचा येईल, पण हसताना येईल. सकाळी तसाच छापायला दिला.

चिनूने गणिताची चौकटीची वही घेतलीय. ४० आडव्या, ५० उभ्या. मी स्क्रीनवरचा रंग सांगते, ती पेन्सिल शोधते. काल अकरा ओळी झाल्या. अजून सगळे केसच चाललेत, कपाळ उद्या लागेल.