कुणीच न लिहिलेलं रजिस्टर 7

सिम्युलेशनच्या सगळ्या चाचण्या पास, आणि बोर्डवर मात्र प्रोग्रॅमचं उत्तर अधूनमधून चुकायचं. माझा तरुण सहकारी शेवटी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, रजिस्टर 7 मध्ये कचरा येतोय. आणि या तुकड्यात 7 वर लिहिणारी एकही सूचना नाही."

प्रोसेसर छोटा होता, एफपीजीए बोर्डवर चालणारा. त्याच्या रजिस्टर फाइलमध्ये 16 बिटांची आठ रजिस्टरं, वाचायला दोन पोर्ट, लिहायला एक. वाचण्याची बाजू सरळ होती. प्रत्येक पोर्टला आठातून एक निवडणारा 16 बिटांचा स्वतंत्र मल्टिप्लेक्सर, आणि त्याला तीन बिटांचा पत्ता. लिहिण्याच्या बाजूला तीन बिटांच्या पत्त्यावरून आठ रेषा काढणारा डिकोडर होता. त्यातली एकच रेषा एका वेळी 1 असते. कुठल्या रजिस्टरात लिहायचं हे ती ठरवते, आणि लिहायचं की नाही हे राइट इनेबल ठरवतं. लिहिण्याचा पत्ता, डेटा आणि राइट इनेबल ही तिन्ही आधीच्या टप्प्यातल्या फ्लिप-फ्लॉपमधून यायची.

मी आधी एकच गोष्ट तपासायला सांगितली. बिघाड दिसला की प्रोसेसर थांबव, आणि रजिस्टर 7 दोन्ही पोर्टांवरून पुन्हा पुन्हा वाच. दोन्हीकडून तेच चुकीचं मूल्य आलं आणि ते बदललं नाही. दोन पोर्ट असण्याचा इथे फार उपयोग होतो. वाचणारे मल्टिप्लेक्सर वेगवेगळे आहेत आणि ते काही साठवून ठेवत नाहीत, त्यामुळे दोघांनी एकच चूक सतत दाखवणं जवळजवळ अशक्य. म्हणजे वाचताना गडबड होत नव्हती. कचरा खरोखरच रजिस्टरात लिहिला गेला होता.

मग आम्ही क्लॉकचा वेग निम्मा केला, त्यानंतर आणखी कमी केला. डेटा वेळेत पोचत नसल्यामुळे चूक होत असेल तर ती इथे नाहीशी व्हायला हवी होती. झाली नाही. तितक्याच लेखनांमागे साधारण तितकीच बिघडत होती. क्लॉक संथ करूनही जे जात नाही त्याचं मूळ बहुतेक वेळा क्लॉकच्या कडेपाशीच असतं, दोन कडांच्या मधल्या अंतरात नसतं. तेव्हा मी लिहिण्याच्या बाजूचा कोड उघडायला सांगितला.

```
assign wclk[i] = clk & we & dec[i];
always @(posedge wclk[i]) regs[i] <= wdata;
```

या दोन ओळी पाठ्यपुस्तकातल्या आकृतीशी अगदी जुळतात. डिकोडरची रेषा, राइट इनेबल आणि क्लॉक एका अँड गेटमध्ये घालायचे आणि त्याचं आउटपुट रजिस्टराच्या क्लॉकला जोडायचं. अडचण अशी की क्लॉकच्या पायावर फ्लिप-फ्लॉप प्रत्येक चढती कड खरी मानतो, मग ती क्षणभर उठून लगेच पडणाऱ्या नको असलेल्या स्पंदाची, म्हणजे काट्याची, का असेना.

काटा कसा येतो ते आम्ही फळ्यावर मांडलं. आधीची सूचना रजिस्टर 3 मध्ये लिहिते, पुढची 4 मध्ये. पत्ता 011 वरून 100 वर जातो, म्हणजे तिन्ही बिटं बदलतात. ती एकाच कडेवर बदलायला लागतात, पण प्रत्येकाची वायर वेगळ्या लांबीची. वरचं बिट आधी पोचलं तर डिकोडरला क्षणभर 111 दिसतं आणि सातवी रेषा उठते. पत्ता बदलतो तो क्लॉकची कड येऊन गेल्यावर लगेच, म्हणजे त्या वेळी क्लॉक 1 आहे. लागोपाठ लेखन असल्यामुळे राइट इनेबलही 1 आहे. अँड गेटची दारं उघडीच असतात, म्हणून सातव्या रेषेचा काटा थेट रजिस्टर 7 च्या क्लॉकवर जातो आणि त्या क्षणी डेटाच्या वायरवर जे काही असेल ते आत घेतलं जातं. डेटाही तेव्हा बदलतच असतो. म्हणूनच 7 मध्ये कधी 3 साठीचं मूल्य सापडायचं, कधी 4 साठीचं, कधी दोघांची अर्धी अर्धी बिटं.

"मग सिम्युलेशनमध्ये का नाही दिसलं?" त्याचा प्रश्न रास्त होता. त्या सिम्युलेशनमध्ये वायरींना विलंबच नव्हता. तीन बिटांचा पत्ता एकदम 011 चा 100 होतो, 111 मधून जातच नाही.

पण हे सगळं फळ्यावरचं. मला पुरावा हवा होता. त्याने सातव्या रजिस्टराची क्लॉक रेषा एका पिनवर काढून पाहिली, आणि रजिस्टर 7 बरं झालं! आता 5 बिघडायला लागलं. पिनपर्यंत नवी वायर गेली की टूल आजूबाजूची मांडणी बदलतं, विलंब बदलतात आणि काट्याची जागाही बदलते. चिपच्या आतला लॉजिक अ‍ॅनालायझरही कामाचा नव्हता, कारण तो त्याच क्लॉकच्या कडेवर नमुने घेतो आणि काटा दोन नमुन्यांच्या मधे येऊन गेलेला असतो.

तेव्हा काटा पाहायचा नाद सोडून त्याच्या खुणा मोजायच्या असं ठरवलं. आठ रजिस्टरांत ओळखू येतील अशी आठ मूल्यं भरायची, मग एका पत्त्यावर आणि लगेच पुढच्या चक्रात दुसऱ्या पत्त्यावर लिहायचं, आणि शेवटी आठही वाचून न लिहिलेल्या सहांपैकी कुठलं बदललं ते पाहायचं. अशा क्रमवार जोड्या 56 होतात. भरणं मात्र जपून करावं लागतं, नाहीतर भरतानाच काटे येतात. म्हणून राइट इनेबल 0 ठेवून पत्ता लावायचा, तो स्थिरावल्यावर एका चक्रापुरतं इनेबल 1 करायचं, परत 0 करायचं आणि मगच पुढचा पत्ता.

त्या 56 जोड्यांपैकी 24 जोड्यांत पत्त्याचं एकच बिट बदलतं, उदाहरणार्थ 6 वरून 7. त्यांपैकी एकाही जोडीने कधी त्रास दिला नाही. याला कारण आहे. एफपीजीएमध्ये ते अँड गेट आणि डिकोडरची ती रेषा मिळून एका लुकअप टेबलात बसतात, आणि लुकअप टेबलाचं एकच इनपुट बदललं तर आउटपुटवर काटा येत नाही. उरलेल्यांपैकी ज्या जोड्या बिघडल्या, त्यांत बळी गेलेलं रजिस्टर नेहमी वाटेतलंच होतं. 1 वरून 2 वर जाताना 001 चं 010 होतं, मधे 011 किंवा 000 लागू शकतं. आणि तिथे 3 बिघडलं, 6 किंवा 7 कधीच नाही. ही यादी पाहिल्यावर शंका उरली नाही.

उपाय जुनाच आहे. क्लॉक सर्व रजिस्टरांना थेट द्यायचा, मधे एकही गेट नाही. निवड डेटाच्या बाजूला न्यायची. प्रत्येक फ्लिप-फ्लॉपच्या आधी दोनातून एक निवडणारा मल्टिप्लेक्सर ठेवायचा. डिकोडरची रेषा आणि राइट इनेबल दोन्ही 1 असतील तर नवा डेटा, नाहीतर स्वतःचंच जुनं मूल्य परत आत.

```
always @(posedge clk)
  if (we && waddr == i) regs[i] <= wdata;
```

डिकोडर आजही 111 मधून जातो, काटा आजही येतो. पण पुढच्या कडेच्या आधी तो विरलेला असतो, आणि फ्लिप-फ्लॉप फक्त कडेच्या वेळी बघतो. एफपीजीएच्या फ्लिप-फ्लॉपला क्लॉक इनेबलचा पाय असतोच, त्यामुळे टूल हा मल्टिप्लेक्सर वेगळा बांधतही नाही. क्लॉक अडवणं मुळातच वाईट आहे असं मात्र मी त्याला सांगितलं नाही. वीज वाचवण्यासाठी चिपमध्ये क्लॉक अडवतात, पण त्यासाठी लॅच असलेला खास सेल वापरतात. क्लॉक 1 असताना तो लॅच बंद असतो, त्यामुळे तेव्हाचा काटा पुढे जात नाही. उघडं अँड गेट हे काम करू शकत नाही.

बदल केला, आणि सिम्युलेशनमधली आजवर पास होणारी एक चाचणी नापास झाली. तो गांगरला. मला मात्र इथेच सगळ्यात जास्त रस वाटला, कारण जुन्या रचनेची एक लपलेली सवय आता समोर आली होती.

जुन्या रचनेत नवा पत्ता आला की क्लॉक 1 असल्यामुळे त्या रजिस्टराची रेषा लगेच उठायची, आणि चक्र सुरू होतानाच डेटा आत जायचा. चक्राच्या शेवटी आणखी एक कड यायची. योग्य रजिस्टरात सुरुवातीला अर्धवट डेटा शिरलाच तरी शेवटची कड तो दुरुस्त करू शकायची. वाटेतल्या रजिस्टराला तशी दुसरी संधी नव्हती. त्या पहिल्या कडेमुळे, एक सूचना रजिस्टर 3 लिहीत असताना दुसरी तेच 3 वाचत असली तर तिला नवं मूल्य मिळायचं. कुणी तसं ठरवलं नव्हतं, ते आपोआप घडत होतं. आणि तेही नेहमी नाही. एकाच रजिस्टरात लागोपाठ दोनदा लिहिलं तर पत्ता बदलत नाही, पहिली कड येत नाही आणि वाचणाऱ्याला जुनंच मूल्य मिळतं. त्याच्या चाचण्यांत ही परिस्थिती नव्हतीच. आम्ही जुन्या कोडवर ती घालून पाहिली, आणि तो सिम्युलेशनमध्येच चुकला.

नव्या रचनेत लेखन चक्राच्या शेवटी होतं, म्हणजे त्याच चक्रात वाचणाऱ्याला जुनं मूल्य मिळणार हे आता पक्कं होतं. प्रोसेसरला नवं हवं होतं, तर ते उघडपणे द्यायला हवं.

```
assign rdata1 = (we && raddr1 == waddr) ? wdata : regs[raddr1];
```

दुसऱ्या पोर्टला अशीच ओळ. प्रत्येक पोर्टला तीन बिटांची एक तुलना आणि 16 बिटांचा एक दोनातून निवडणारा मल्टिप्लेक्सर, एवढाच खर्च. तुलनेत `we` विसरायचं नाही. ते राहिलं तर काहीच लिहिलं जात नसताना नुसता पत्ता जुळला म्हणून वाचणाऱ्याला भलताच डेटा मिळतो. शिवाय वाचण्याच्या वाटेवर एक टप्पा वाढतो, तेव्हा टायमिंग पुन्हा पाहावं लागतं. आमच्याकडे तिथे पुरेशी मोकळीक होती.

त्यानंतर 56 जोड्यांची चाचणी त्याने बोर्डवर रात्रभर फिरवत ठेवली. न लिहिलेलं एकही रजिस्टर हललं नाही. लागोपाठ एकाच पत्त्यावर लिहिण्याच्या आठ जोड्या त्याने आपणहून त्यात वाढवल्या, दोन्ही पोर्टांवरून त्याच चक्रात वाचून.