चित्र पुडीवर, खर्रा पन्नीत

विदर्भातल्या एका जिल्हा रुग्णालयात मी तंबाखूमुक्ती केंद्राची समुपदेशक आहे. महिन्यातून दोन-तीनदा पथकाबरोबर कारवाईला जावं लागतं, उरलेले दिवस ओपीडीत. त्या गुरुवारी दोन्ही कामं एकाच दिवशी आली. सकाळी जिच्या ठेल्यावर चलन फाडलं, दुपारी तिचंच गिऱ्हाईक माझ्यासमोर येऊन बसलं. पुढं जे झालं त्यात माझीही चूक होती, आणि ती अजून मनातून जात नाही.

सकाळचं काम शाळेजवळचं होतं. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, असं २००३ च्या कायद्याचं कलम ६ सांगतं. १०० यार्ड म्हणजे साधारण साडे-एक्क्याण्णव मीटर. हे अंतर रस्त्याच्या वळणानं मोजायचं नसतं. शाळेच्या कुंपणापासून सरळ रेषेत मोजायचं असतं, आणि भांडण नेमकं इथंच होतं. ठेलेवाली मावशी म्हणाली, "फाटकापासून सव्वाशे मीटर भरते, मास्तरानंच मोजलं होतं." खोटं बोलत नव्हती ती, रस्त्यानं तेवढं भरतंच. पण शाळेची मागची भिंत तिच्या ठेल्याच्या बाजूला वळलेली आहे. आमच्या समाजसेवकानं मधल्या बोळातून ३० मीटरचा टेप धरला. दोन पूर्ण टेप आणि वर चौदा मीटर, म्हणजे चौऱ्याहत्तर. चलन फाडलं. दंड जास्तीत जास्त २०० रुपये. मावशीनं गल्ल्यातून दोन नोटा काढून दिल्या आणि पन्नीवर घोटायला घेतलेला खर्रा आमच्यासमोरच घोटत राहिली.

खर्रा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन ओलसर होईपर्यंत लाकडी पाटावर घोटायचं, आणि त्याच पन्नीची गाठ मारून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. पश्चिम महाराष्ट्रात याच्या भावाला मावा म्हणतात. राज्यात गुटखा २०१२ पासून बंद आहे. सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, खर्रा, मावा हेही त्या बंदीत आले. ती बंदी अन्नसुरक्षा कायद्याखाली एका वेळी एका वर्षाचीच घालता येते, म्हणून दरवर्षी नवा आदेश निघतो. म्हणजे मावशीच्या हातातला खर्रा बेकायदेशीरच होता. पण त्यावर कारवाई करायची तर अन्नसुरक्षा अधिकारी लागतो. तो नमुना घेतो, त्याचे चार भाग करतो, सील करतो, एक भाग विश्लेषकाकडे जातो. त्या दिवशी तो अधिकारी आलाच नव्हता. तीनदा पत्र दिलं होतं. जमादारसाहेब म्हणाले, "मॅडम, आपलं कलम सहाचं झालं ना? चला." आमच्याकडे महिनाअखेर चलनांची संख्या विचारतात, आणि चलनं मोजणाऱ्या साहेबांना काय विकलं जातंय याचं फारसं पडलेलं नसतं. हे मी वरच्यांना तोंडावर सांगितलं आहे, इथंही लिहिते.

निघताना मी मावशीच्या पाटाखालची तंबाखूची रिकामी पुडी उचलून पर्समध्ये टाकली. साध्या तंबाखूची, कायदेशीर पुडी. तिच्यावर ८५ टक्के भागात कर्करोगाचं चित्र आणि इशारा, त्यातच १८०० ११ २३५६ हा सोडण्यासाठीचा मोफत फोन नंबर. १ एप्रिल २०१६ पासून चित्र आणि इशारा इतके मोठे झाले, नंबर २०१८ मध्ये आला.

दुपारी दोनला तो आला. वय अडतीस, गवंडी. दंत विभागानं पाठवलेला. तक्रार एवढीच की "भाजीतलं तिखट सहन होत नाही मॅडम, आग होते." मी त्याला त्याचीच तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितलं. ही आमची साधी तपासणी आहे. निरोगी माणसाची तीन बोटं जातात. त्याचं दीडच बोट गेलं. गालाच्या आतली कातडी पांढरट, आणि बोटानं दाबली तर दोरीसारखी घट्ट लागत होती.

"किती खर्रे?"

"आठ. कधी दहा."

"कुठून घेता?"

त्यानं सकाळच्याच मावशीचं नाव घेतलं. अकरा वर्षांपासून तिथंच. मी पर्समधली पुडी काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, "हे चित्र ओळखता का?"

त्यानं पुडी उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "हे काऊन दाखवता? हे कोनाचं तोंड आहे?"

अकरा वर्षांत, माझ्या हिशेबानं तीस हजारांवर खर्रे खाऊनही त्यानं ते चित्र जवळून पाहिलं नव्हतं. कसं पाहणार? पुडी मावशी फोडते, पाटाखाली टाकते. त्याच्या हातात येते ती कोरी पन्नी.

चित्रांचा उपयोग होतो, हे मी मनापासून मानते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ६१.९ टक्के लोकांनी सांगितलं की पाकिटावरच्या इशाऱ्यामुळे सोडायचा विचार आला. विडीवाल्यांत ५३.८. तंबाखू चघळणाऱ्यांत ४६.२. विचार येणं म्हणजे सोडणं नव्हे, हे ओपीडीत बसणाऱ्या कुणालाही माहीत आहे. पण हा उतरता क्रम मला नेहमी खुपतो. चघळणाऱ्यांत आकडा सर्वांत खाली आहे, आणि त्याचं एक कारण त्या दिवशी माझ्या टेबलासमोर बसलं होतं असं मला वाटतं. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रानं सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी केली, ती याच तर्कानं: सुटी घेतली की चित्र गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही. खर्ऱ्याला मात्र तो तर्क लावायला जागाच नाही. जी वस्तू कागदावर अस्तित्वातच नको, तिच्यावर चित्र छापा असं कायदा कसं सांगणार?

कराचंही तसंच. तंबाखू महाग करणं हे सगळ्यांत पक्कं हत्यार आहे, याबद्दल जगभरातल्या अभ्यासांत फारसा वाद नाही. आपल्यासारख्या देशांत किंमत १० टक्के वाढली की खप साधारण ५ टक्के घटतो, आणि पोरांमध्ये परिणाम जास्त दिसतो, कारण त्यांच्या खिशात पैसे कमी असतात. पण मावशीच्या ठेल्यावर हा हिशेब करून बघा. पन्नास ग्रॅमची पुडी तिला चाळीस रुपयांना पडते, त्यात सोळा खर्रे होतात. म्हणजे एका खर्ऱ्यात अडीच रुपयांची तंबाखू. खर्रा तीस रुपयांना जातो. उद्या कर वाढून पुडी चाळीसची अठ्ठेचाळीस झाली, म्हणजे तब्बल २० टक्के वाढली, तरी एका खर्ऱ्यामागे वाढतात पन्नास पैसे. तिसावर पन्नास पैसे म्हणजे दोन टक्केही नाहीत. मावशी तेवढे स्वतःच सोसेल, नाहीतर चिमूट हलकी करेल. भाव तीसच राहील. आणि सुगंधी तंबाखू चोरून आणलेली असेल, तर तिच्यावर कर लागायचा प्रश्नच नाही.

मी गुटखा-खर्ऱ्याच्या बंदीच्या विरोधात नाही. महाराष्ट्रात तंबाखू वापरणारे प्रौढ २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये २६.६ झाले. बंदी त्या मधल्या काळातली आहे, पण मोठं चित्र आणि वाढते करही त्याच काळातले. नेमकं कशामुळे किती उतरलं, हे या दोन आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही. आमच्या कार्यशाळांमध्ये प्रत्येक जण आपापल्या योजनेला श्रेय देतो, ते ऐकवत नाही.

धूम्रपानबंदीचं मात्र मी छातीठोक सांगते. आमच्या बसस्थानकावर ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक लागला आणि वर्षभरात लोकच एकमेकांना हटकायला लागले. धूर दुसऱ्याच्या नाकात जातो, म्हणून दुसरा बोलतो. खर्रा खाणाऱ्याला कोण हटकणार? २०१६-१७ च्या त्याच पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के निघाले आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४.

तर तो गवंडी. पुडी हातात धरून त्यानं विचारलं, "हे तंबाखूनं होते?" मी म्हटलं, "हो." नंबर वाचून दाखवला, पुडी त्याच्याकडेच ठेवायला दिली. सोडण्याची तारीख ठरवली. तलफ आली की काय करायचं ते सांगितलं. सुपारीबद्दलही बोलले, पण शेवटी, घाईत. बाहेर सात जण थांबले होते.

पुढच्या शुक्रवारी तो ठरल्याप्रमाणे आला. बायको बरोबर होती. चेहरा उजळलेला. "मॅडम, तंबाखू बंद! सात दिवस झाले, एक दाना नाही." मी खूश झाले. मग त्यानं खिशातून पन्नी काढली. गाठ मारलेली, आत ओलसर, चुन्यानं पांढरट.

"हे काय?"

"सादा आहे. मावशीले सांगतलं, तंबाखू नको टाकू, नुस्ती सुपारी घोट. दहा रुपये कमी घेते."

त्याची बायको मान डोलावत होती. पुडी तिनं देवाच्या फळीवर ठेवली होती, पोरानंही पाहावी म्हणून.

त्याच्या गालातल्या त्या दोऱ्या मुख्यतः सुपारीनं वळल्या आहेत. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्येच सांगितलं. पण सुपारीवर ना तंबाखूसारखा कर, ना ते चित्र. चित्रानं आपलं काम केलं होतं. त्यात जे लिहिलंय ते त्यानं अक्षरशः पाळलं होतं. बाकीचं सांगणं माझं काम होतं, आणि ते मी घाईत उरकलं होतं.

मी खुर्ची पुढं ओढली, दार लावून घेतलं आणि दोघांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला बसले. या वेळी सुपारीपासून सुरुवात केली. तंबाखू सोडली याबद्दल त्याचा हात हातात घेतला, कारण ते खरंच कठीण असतं. मग पुन्हा तीन बोटं उभी करायला सांगितली.

दीडच गेलं. त्यानं बायकोकडे पाहिलं. "एवढं सोडलं तरी?" म्हणाला.

संध्याकाळी मासिक अहवाल भरला. चलनं सात, वसुली १४००. समुपदेशन, नवे रुग्ण बावीस. 'तंबाखू सोडली' या रकान्यात त्याची नोंद करायची की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. त्याची ओळ पेन्सिलीनं लिहून ठेवली आहे.