चोवीस वर्षांच्या अनुभवाला 'थांबा' म्हणताना

मेंटेनन्स विभागाची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा मी २८ वर्षांची होते. हाताखाली ११ जण, त्यांतले सात पंचेचाळिशीच्या पुढचे. मुख्य फिटर ५३ वर्षांचे होते आणि त्याच कारखान्यात त्यांना २४ वर्षं झाली होती. माझी त्याआधीची चार वर्षं प्लॅनिंगमध्ये गेली होती. म्हणजे मशीन कधी बंद ठेवायचं हे मला कळत होतं, ते उघडल्यावर आत काय करायचं हे त्यांना.

पहिल्याच पंधरवड्यात मी एक चूक केली. रोजच्या तपासणीसाठी नवी चेकलिस्ट काढली. मीटिंगमध्ये कोणीही विरोध केला नाही, सगळे "हो मॅडम" म्हणाले आणि मला वाटलं, काम झालं. तीन आठवडे कागद नीट भरून येत राहिले. मग एका संध्याकाळी मी ते सगळे एकत्र वाचायला बसले. तीन आठवड्यांत ३२ मशीनवर एकही दोष नोंदलेला नव्हता. त्याच काळात दोन मशीन बंद पडली होती. काही पानांवर सगळ्या खुणा एकाच पेनाने, एका दमात केलेल्या दिसत होत्या. दोषच नसलेली तपासणी म्हणजे न झालेली तपासणी, हे मला तेव्हा उमगलं. आणि "हो मॅडम" हा नकार होता, हेही.

दुसरी खूण त्याहून बोचणारी होती. ब्रेकडाउन झालं की ऑपरेटर मला फोन करायचे नाहीत, मुख्य फिटरना करायचे. सुट्टी किंवा ओव्हरटाइमचा प्रश्न असला की दोन-तीन जण थेट माझ्या वरिष्ठांकडे जायचे. वरिष्ठ चांगल्या मनाने तिथेच निर्णय देऊन टाकायचे. मी त्यांना भेटून एकच विनंती केली: माझ्या विभागातला कोणी आला तर त्याचं ऐकून घ्या, पण उत्तर मला देऊ द्या, माझा निर्णय तुम्हाला पटला नाही तरी तो मला एकटीला सांगा. त्यांनी ते पाळलं. एका महिन्यात त्यांच्याकडच्या फेऱ्या थांबल्या. नवीन माणसाला याची फार गरज असते, आणि हे त्याने स्वतःहून मागावं लागतं.

चेकलिस्ट मी मागे घेतली, तसं सगळ्यांसमोर सांगितलं, आणि प्रत्येकाशी पाऊण तास एकट्याने बोलायला बसले. माझ्या केबिनमध्ये नाही, वर्कशॉपच्या टेबलावर. प्रश्न तीनच ठेवले. तुम्ही करता ते कोणतं काम कोणाच्याच लक्षात येत नाही? कोणती गोष्ट कित्येक वेळा मागूनही मिळालेली नाही? आणि इथलं काय बदलू नये असं तुम्हाला वाटतं? तिसऱ्या प्रश्नाने माणसं मोकळी झाली. नवा साहेब आला की काय बदलणार याचीच सगळ्यांना धास्ती असते. काय ठेवायचं, हे त्यांना कोणी विचारलेलं नव्हतं.

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं मी वहीत लिहून घेतली. रात्रपाळीला स्टोअरची किल्ली मिळत नाही, त्यामुळे साधं ऑइल सील बदलायला सकाळची वाट पाहावी लागते, हे पाच जणांनी वेगवेगळं सांगितलं. किल्ली शिफ्ट इनचार्जकडे ठेवायची व्यवस्था चार दिवसांत झाली. त्यासाठी फिटिंगचं ज्ञान लागत नव्हतं. तीन विभागांत फिरून सह्या घ्यायच्या होत्या, आणि त्या अधिकाराने मलाच घेता येत होत्या. त्यांच्यापेक्षा जास्त माहिती असणं हे माझं काम नव्हतं. त्यांच्या वाटेतला अडथळा काढणं हे होतं.

मुख्य फिटरांशी बोलणं मी शेवटी ठेवलं होतं. तेव्हा कळलं की माझ्या नेमणुकीआधी सात महिने विभाग तेच सांभाळत होते. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "या जागेसाठी तुमचं नाव होतं का?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पद मिळालं नाही त्याचं मी मनावर घेतलं नाही. पण तुमची ऑर्डर मला नोटीस बोर्डवर वाचायला मिळाली." त्यावर मी माफी मागितली नाही, कारण तो निर्णय माझा नव्हता आणि खोटी माफी त्यांना लगेच कळली असती. "हे असं व्हायला नको होतं, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाले. मग आणखी एक गोष्ट विचारली. मी त्यांना 'काका' म्हणत होते. चारचौघांत ते चालेल का? ते म्हणाले, "एरवी म्हणा. मीटिंगमध्ये नको, तिथे माझं आडनाव घ्या." ते बरोबरच होतं. काकांना नाही म्हणणं जड जातं, आणि काकांनाही पुतणीसमोर हरल्यासारखं वाटतं.

त्या दिवशी आम्ही एका कागदावर दोन भाग पाडले. मशीन उघडायचं की नाही, दोष कुठे आहे, सुटा भाग दुरुस्त करायचा की बदलायचा, हे ठरवणार ते. कोणतं मशीन आधी, किती तास बंद, कोणाची पाळी कोणती, खर्च आणि सुरक्षितता, हे माझ्याकडे. माझं मत वेगळं असेल तर मी विचारणार, पण त्यांच्या भागात शेवटचा शब्द त्यांचा. तोच कागद सगळ्यांना दाखवला.

त्याची परीक्षा लवकरच झाली. थंड पाण्याच्या एका पंपाची कंपनं वाढत होती. आकडे पाहून मी बेअरिंग बदलायच्या मताची होते, म्हणजे आठ तास पंप बंद. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि म्हणाले, "बेअरिंग खरखरत नाही. मोटर नीट बसलेली नाही." माझी खात्री पटलेली नव्हती, पण कागद होता. पंप बंद करून त्यांनी मोटरच्या पायाशी बारीकशी हालचालही काट्यावर दाखवणारं डायल गेज लावलं आणि बोल्ट एकेक करून सैल केले, एक सैल करायचा, पाहायचं, पुन्हा आवळायचा. चौथ्या बोल्टला काटा चांगलाच हलला. तो पाय मुळात टेकतच नव्हता, बोल्ट आवळून त्याला खाली ओढलं होतं आणि त्यात मोटरची चौकट पिळवटत होती. पायाखाली शिम, म्हणजे धातूची पातळ पट्टी, घातली, कपलिंगची रेषा पुन्हा जुळवली. अडीच तासांत पंप सुरू झाला आणि कंपनं निम्म्याहून खाली आली. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये मी सांगितलं की माझा अंदाज चुकला होता आणि दोष त्यांनी कसा शोधला. दोन तरुण फिटरांना ती पद्धत शिकवायला मी त्यांना वेळ दिला, पाळीच्या वेळेतला, वरकड नव्हे.

इथपर्यंतची वाट मला सुखाची वाटते. पुढचा प्रसंग आठवला की अजूनही पोटात कालवतं.

साधारण दोन महिन्यांनी मी कन्व्हेअरच्या बाजूने जात होते. गार्ड काढलेलं होतं आणि मुख्य फिटरांचा हात साखळीपाशी होता. मशीनची वीज तोडणाऱ्या स्विचवर, म्हणजे आयसोलेटरवर, त्यांचं कुलूप नव्हतं. बाजूला तिघे उभे होते. नियम असा की काम करणाऱ्या प्रत्येकाने आयसोलेटर बंद करून त्यावर स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली खिशात ठेवायची आणि सुरू करून पाहायचं, मशीन खरंच मेलं आहे ना. मी म्हणाले, "हात बाहेर घ्या. काम थांबवा." ते म्हणाले, "दोन मिनिटांचं आहे मॅडम. तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून ही साखळी मी बसवतोय." मी पुन्हा तेच वाक्य म्हणाले. त्यांनी हात काढला, कुलूप लावलं, काम पूर्ण केलं. तिथे मी आणखी एक शब्दही बोलले नाही. धोका थांबवायला सगळ्यांसमोर बोलावंच लागतं, बाकीचं बोलणं चार भिंतींत व्हावं.

खोलीत बसल्यावर मी त्यांच्या कौशल्याबद्दल काहीच म्हटलं नाही. "तुम्ही चुकणार नाही हे मला मान्य आहे. कुलूप तुमच्या चुकीसाठी नाही. पलीकडच्या टोकाला उभा असलेला ऑपरेटर तुम्हाला पाहू शकत नाही, आणि बटण त्याच्या हाताशी आहे." मग लेखी मेमो पुढे ठेवला. त्यांच्या नोकरीतला तो पहिलाच. महिन्याभरापूर्वी २४ वर्षांच्या एका मुलाला मी याच चुकीसाठी मेमो दिला होता. यांना सोडलं असतं तर त्या मुलाला आणि बघणाऱ्या तिघांना कळलं असतं की नियम वयाने लहान असलेल्यांसाठी आहे. त्यांनी सही केली आणि उठून गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढचे तीन आठवडे ते कामापुरतं बोलले. मी समजूत काढायला गेले नाही, मेमोची भरपाई म्हणून जास्तीचं कौतुकही केलं नाही. कागदावरचं त्यांचं क्षेत्र मात्र तसंच ठेवलं. दोष कुठे आहे, हे पूर्वीसारखंच त्यांना विचारत राहिले. राग आला म्हणून मी त्यांचा अधिकार आखडला असता, किंवा घाबरून माझा सोडून दिला असता, तर तो कागद तिथेच संपला असता.

सगळ्यांशी जमलं असं नाही. एका ज्येष्ठ इलेक्ट्रिशियननी सहा महिन्यांनी दुसऱ्या विभागात बदली मागितली. त्यांनी कारण सांगितलं नाही, मी सही केली. त्यांच्या बाबतीत मी काय वेगळं करायला हवं होतं, हे मला अजून सापडलेलं नाही.

वार्षिक शटडाउनच्या तयारीची मीटिंग होती. गिअरबॉक्सच्या कामाला मी आठ तास धरले होते आणि तक्ता भिंतीवर लावला होता. मुख्य फिटर सगळ्यांसमोर उभे राहिले. "आठ तासांत होणार नाही. जुनं तेल काढून आतून धुवायलाच दोन तास जातात, ते तुम्ही धरलेच नाहीत." आधीच्या काळात हे वाक्य मला दुसऱ्या दिवशी, दुसऱ्याच कोणाच्या तोंडून, पॅसेजमध्ये ऐकू आलं असतं. मी विचारलं, किती धरू? ते म्हणाले, अकरा. तक्त्यावर मी आठाचे अकरा केले. प्रत्यक्षात साडेदहा तास लागले. काम सुरू होण्याआधी आयसोलेटरवर सहा कुलपं होती, पहिलं त्यांचं.