तुम्ही विचारलंत म्हणून: ‘बेपनाह मोहब्बत’ मराठीत कशी बोलायची

“हिंदी पिक्चरमधला हिरो प्रेम कबूल करतो ते ऐकायला भारी वाटतं, तेच मराठीत डब केलं की नाटकातलं वाटतं नाहीतर हसू येतं. तुम्ही डबिंगचं लिहिता ना, मग हे कसं सांभाळता?”

हिंदी पिक्चरमधली प्रेमाची भाषा बरीचशी उर्दूवर उभी आहे. हिंदी बोलणारा माणूसही घरात कुणाला बेपनाह वगैरे म्हणत नाही, पण गाणी आणि शायरी ऐकून ऐकून कानाला ते सवयीचं झालंय. मराठीत लिहिताना आपण त्याच वजनाचा शब्द शोधायला जातो आणि हाती लागतात ते अपार, हृदय, जीवन असले संस्कृत शब्द, मग वाक्य थेट जुन्या संगीत नाटकात जाऊन पडतं.

आता नेहमी येतं तसलंच एक वाक्य घेते. “बरसों से ये बात दिल में दबाए बैठा हूँ. मैं तुमसे बेपनाह मोहब्बत करता हूँ. तुम्हारे बिना मेरी ज़िंदगी अधूरी है.” शब्दाला शब्द लावला की होतं, “वर्षानुवर्षं ही गोष्ट मी हृदयात दाबून बसलो आहे. मी तुझ्यावर अपार प्रेम करतो. तुझ्यावाचून माझं जीवन अपूर्ण आहे.” व्याकरणात काही चूक नाही, पण असं कुणी कुणाला म्हणत नाही. मी आधी शब्द बाजूला ठेवते आणि हा मुलगा नक्की काय सांगतोय तेवढंच बघते: इतकी वर्षं बोललो नाही, तू मला फार हवी आहेस, तू नसलीस की मला चैन नाही. शेवटच्यासाठी तर मराठीत आयता शब्द आहे, करमत नाही. “तू नसलीस ना, की करमतच नाही मला.” अधुरी ज़िंदगी त्यात आख्खी आली आणि आवाज चढवावा लागला नाही. पहिलं वाक्य “किती वर्षं झाली, बोललोच नाही गं मी” एवढंच पुरतं.

मधलं वाक्य अवघड, कारण तिथे बहुतेक वेळा चेहऱ्याचा क्लोजअप असतो आणि ओठ जुळवावे लागतात. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात, ते प्रेक्षकाला दिसतं, बाकीचं थोडं इकडेतिकडे झालं तरी खपतं. “आवडतेस तू मला” मला फार प्रिय आहे, बोलण्यातलं आहे, पण आवडतेस म्हणताना ओठ पूर्ण मिटतच नाहीत आणि पडद्यावर तर मोहब्बतच्या म आणि ब्ब ला मिटलेले दिसतात, म्हणजे जुळत नाही. प्रेम मध्ये प आणि म, दोनदा मिटतात. म्हणून क्लोजअपला मी लिहिते, “माझं तुझ्यावर खूप प्रेम आहे गं.” मैं च्या जागी माझं, बेपनाहच्या प वर खूपचा प, मोहब्बतवर प्रेम, आणि “करता हूँ” वर “आहे गं”. “प्रेम करतो” लिहिलं की लगेच भाषांतराचा वास येतो, “प्रेम आहे” म्हटलं की येत नाही. हिरो पाठमोरा असला किंवा नुसती सबटायटल्स असली तर मात्र मी बिनधास्त “आवडतेस तू मला” किंवा “जीव आहे माझा तुझ्यावर” लिहिते, कोण बोलतोय ते बघून.

आप चं पण सांगायला हवं. हिंदीत हिरो हिरोईनला अदबीने आप म्हणतो, त्यात प्रेमही असतं. मराठीत तिथे सरळ तुम्ही टाकलं तर पहिल्या भेटीपुरतं चालतं, पण कबुलीच्या सीनला दोघांमध्ये एकदम ऑफिसचं अंतर पडतं. मी मग आधीच्या एखाद्या सीनमध्ये “अहो-जाहो नको ना आता” असं तिच्या तोंडी घालायला जागा शोधते, तिचा चेहरा दिसत नसेल तिथे, म्हणजे कबुलीपर्यंत दोघं तू वर आलेले असतात.

जमलंय की नाही हे मला डबिंगच्या बूथमध्ये कळतं. कलाकार माइकसमोर उभा असतो, आणि वाक्य जड असलं की त्याचा हात आपोआप छातीकडे जायला लागतो, “हृदयात” म्हणताना तर हमखास. त्याला कुणी सांगितलेलं नसतं, वाक्यच त्याच्याकडून करून घेतं. तेव्हा मी थांबवते, बदलते, आणि हेच बहिणीला फोनवर सांगतोयस असं समजून हळू आवाजात वाच म्हणते. हळू बोलताना जो शब्द अडतो तो काढायचा.

सगळंच साधं करायचं असंही नाही, मी तर त्याच्या विरोधातच आहे. हिरो शायर असेल, जुनी हवेली असेल, तर त्याची भाषा सजलेलीच असली पाहिजे, तिथे “करमत नाही” घातलं तर त्याचं पात्रच मोडतं. असा शेर मी उर्दूतच ठेवते, आणि त्यावर ती जे उत्तर देते तेवढं रोजच्या मराठीत आणते.