प्लास्टरआधी आईच्या खोलीचे बोर्ड ठरवताना

वीटकाम संपलं तसा मिस्त्रींनी प्लास्टरचा तगादा लावला. साताऱ्याजवळ आमचं घर बांधणं चालू होतं, आणि इलेक्ट्रिशियनदादांना त्याआधी वायरींच्या पाईपांसाठी भिंतीत झिऱ्या, म्हणजे खाचा, मारून घ्यायच्या होत्या. त्यांनी विचारलं, "ताई, बोर्ड नेहमीसारखे काढू ना?" मी म्हटलं, आधी सामान भिंतीवर काढू, मग बोर्ड.

आईच्या खोलीचं उदाहरण सांगते, कारण सगळ्यात जास्त विचार तिथेच करावा लागला. पलंगाची भिंत 12 फुटांची. तिच्या एका टोकाला 2 फूट खोलीचं कपाट येणार, म्हणजे मोकळी भिंत उरते 10 फूट. पलंग 6 फूट रुंद, तो या 10 फुटांच्या मधोमध. कपाटाच्या बाजूच्या कोपऱ्यापासून मोजलं तर पलंग 4 फुटांवर सुरू होतो आणि 10 फुटांवर संपतो. कपाट न धरता सबंध भिंतीचा मध्य काढला असता, तर पलंग 3 ते 9 फुटांत बसला असता आणि त्याच्या कडेचा साडेनऊ फुटांवरचा बोर्ड प्रत्यक्षात पलंगाच्या पाठीमागे गेला असता. आम्ही पलंगाच्या दोन्ही बाजूंच्या बोर्डांचे मध्य साडेतीन आणि साडेदहा फुटांवर धरले. खडूने पलंग पूर्ण मापात भिंतीवर काढला आणि आईला तिथे खुर्ची टाकून बसवलं. तिचा हात सहज पोहोचेल ती उंची अडीच फूट निघाली. रात्री उठताना अंधारात चालायला नको, म्हणून खोलीतला मुख्य दिवा दारापाशी आणि पलंगापाशी दोन्हीकडून चालू-बंद व्हावा, असा टू-वे स्विच ठरवला. ही गोष्ट आताच सांगायला हवी, कारण त्यासाठी दोन बोर्डांमध्ये जादा वायरी जातात. दाराची फळी कुठल्या बाजूला उघडणार हेही सुताराला विचारून घेतलं. बोर्ड कडीच्या बाजूला हवा, बिजागरीच्या बाजूला नाही.

उंची मोजायची कुठून, यावर बरंच बोलणं झालं. खाली अजून नुसता कोबा होता. त्यावर मसाला आणि फरशी मिळून आमच्याकडे अडीच इंच चढणार होते, शिवाय कोबा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत खालीवर होता. म्हणून मिस्त्रींनी पाण्याच्या नळीने लेव्हल घेऊन, तयार फरशीपासून 4 फुटांवर घरभर एक रेघ मारून दिली. त्यानंतर प्रत्येक बोर्डाचं माप त्या रेघेपासून वर किंवा खाली घेतलं, कोब्यापासून कधीच नाही.

बॉक्सची खोली ही दुसरी नाजूक गोष्ट. बोर्डामागे भिंतीत बसणारा मेटल बॉक्स साधारण 2 इंच खोल असतो आणि आतल्या भिंती 4 इंची. त्यामुळे आईची खोली आणि पलीकडचा हॉल यांचे बोर्ड पाठीला पाठ आले की मधे वीट उरतच नाही. हॉलचा टीव्हीचा बोर्ड आम्ही एक फूट सरकवला. आडव्या झिऱ्याही शक्यतो टाळल्या, पाईप सरळ वरून खाली उतरवले. कॉलम आणि बीमला कटर लावायचा नाही, हे दादांनी स्वतःहूनच बजावलं.

बॉक्स विटेच्या पातळीत बसवून चालत नाही, तो तयार प्लास्टरच्या पातळीत यावा लागतो. मिस्त्रींनी प्रत्येक बॉक्सशेजारी आधी ठिय्ये, म्हणजे प्लास्टरची जाडी दाखवणारे मसाल्याचे ठिपके, लावले आणि दादांनी त्यांवर पट्टी धरून बॉक्सची कड जुळवली. आत राहिला तर प्लेटचे स्क्रू पोहोचत नाहीत, बाहेर आला तर प्लेट आणि भिंत यांत फट दिसते. पाईपवर मात्र अर्धा इंच तरी मसाला हवा, म्हणून झिरी तेवढी खोल मारली. मसाला भरून वर कोंबडीजाळी ठोकली, म्हणजे पाईपच्या रेषेत भेग पडत नाही.

मिस्त्रींना पुढे जाऊ देण्याआधी दादांनी प्रत्येक पाईपमधून वायर ओढायची स्प्रिंग घालून पाहिली. माझ्या मते हा सगळ्यात मोलाचा तास. आईच्या खोलीतल्या पंख्याच्या बॉक्सकडून दाराकडे जाणाऱ्या पाईपात ती 6 फुटांवर अडकली, कितीही ढकलली तरी पुढे सरकेना. स्लॅब ओतताना आत सिमेंटचं पाणी शिरून पाईप बुजला असावा. स्लॅब फोडायचा प्रश्नच नव्हता. पलंगाकडे उतरणारा पाईप मोकळा होता. म्हणून पंखा आणि मुख्य दिवा यांच्या वायरी तिकडून उतरवायच्या ठरवल्या आणि पलंगाचा बोर्ड ते दाराचा बोर्ड असा नवा 25 मिमीचा पाईप टाकला. पाईप कोपऱ्यात वळतो तिथे काटकोनी एल्बो न घालता मोठ्या गोलाईचा बेंड वापरला, नाहीतर वायर ओढताना तिथेच फसते. इंटरनेटच्या केबलसाठी वेगळा रिकामा पाईप टाकून घेतला. विजेच्या वायरींसोबत ती एकाच पाईपात नको होती.

मग प्रत्येक भिंतीसमोर टेप धरून फोटो काढले, कोपऱ्यापासूनचं माप दिसेल असे. बॉक्समध्ये सिमेंटच्या पिशवीचे बोळे घट्ट कोंबले आणि पाईपांची तोंडं चिकटपट्टीने बंद केली. प्लास्टर झालं त्याच संध्याकाळी, मसाला ओला असतानाच, दादांनी सगळ्या बॉक्सच्या कडा थापीने मोकळ्या करून घेतल्या.