बंधाऱ्याचे फूट आणि जिन्याचे फूट

जुलै महिन्यात कोल्हापुरात दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : राजाराम बंधाऱ्याला पाणी किती झाले? ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, त्यामुळे एकेका इंचाची चौकशी करण्याची आम्हाला सवयच जडली आहे.

त्या संध्याकाळीही मी ताराबाई पार्कातल्या आमच्या अकराव्या मजल्यावर बसून पाण्याचा आकडाच पाहत होतो. बाहेर पाऊस कोसळत होता आणि राजारामपुरीतून मागवलेल्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची वाट पाहणे चालू होते. मोबाईलच्या नकाशावरचा तो छोटा दुचाकीस्वार कावळा नाक्यावरून वळून आमच्या फाटकाशी आला आणि पडद्यावर ‘पोहोचला’ असे उमटले. पाठोपाठ फोन वाजला. “सर, लिफ्ट बंद हाय. वॉचमन म्हणतोय, खालच्या खड्ड्यात पाणी शिरलंय.”

लिफ्टच्या तळाशी जमिनीच्या पातळीखाली एक खड्डा असतो आणि लिफ्टच्या सुरक्षेची काही विजेची बटणे त्याच खड्ड्यात बसवलेली असतात. त्यात पाणी साचू लागले की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन मुख्य स्विच बंद करण्याखेरीज वॉचमनच्या हाती काही उरत नाही. एरवी वीज गेली तर जनरेटर तरी कामाला येतो; इथे त्याचाही उपयोग नव्हता.

“थांबा, मी खाली येतो,” असे म्हणून मी बॅटरी घेऊन निघालो. आमच्याकडे एका मजल्याला वीस पायऱ्या आहेत आणि पायरी सहा इंचांची, म्हणजे मजला दहा फुटांचा. पार्किंगपासून आमच्या दारापर्यंत २२० पायऱ्या आणि ११० फूट. हा हिशेब मी त्याच दिवशी प्रथम केला, आणि तोही उतरताना. चढताना तो सुचला नसता.

सातव्या मजल्याच्या वळणावर तो भेटला. खाली थांबला नव्हताच, कारण थांबण्यात जाणारा वेळही त्याचाच होता. रेनकोट त्याने खालीच काढून ठेवला होता. तो अंगावर ठेवून चढले तर आतून घामाने भिजायला होते, असे तो म्हणाला. पार्सल मात्र त्याने दोन्ही हातांनी छातीशी आडवे धरले होते. पिशवी हातात लोंबकळत ठेवली की प्रत्येक पायरीला हेलकावा बसतो, गरम रश्श्याच्या वाफेने आधीच फुगलेले झाकण सुटते आणि तेलाचा पहिला डाग कागदी पिशवीच्या बुडाला दिसतो. असे धरल्यावर कठड्याला धरायला हात उरत नाही, आणि बूट तर ओलेचिंब. म्हणून तो भिंतीला खांदा घासत येत होता. ओल्या खांद्याचा पट्टा चुन्यावर खालपर्यंत उमटला होता.

मी हात पुढे केला, तेव्हा त्याने नम्रपणे विचारले, “ओटीपी?”

मोबाईल वर, टेबलावर राहिला होता. ते चार आकडे टाकल्याशिवाय त्याची फेरी पूर्ण होणार नव्हती, आणि जिन्यात रेंजही नव्हती. मी खाली येऊन त्याची एकही पायरी वाचवली नव्हती. पार्सल तेवढे मी घेतले आणि आम्ही दोघे उरलेल्या ऐंशी पायऱ्या चढू लागलो.

वाटेत मी पैशांचे विचारले. पैसे किलोमीटरवर मिळतात, पावसाचे थोडे जास्त. जिन्याचे काही नाही. नकाशाच्या लेखी तो फाटकाशीच पोहोचलेला होता. त्यानंतरची दहा मिनिटे तो एकाच ठिपक्यावर उभा होता, फक्त तो ठिपका ११० फूट वर सरकत होता. नदी इंचभर चढली तर गावभर बातमी करणारे आम्ही. ही चढाई मात्र कुणाच्याच नोंदीत नव्हती.

दारात आल्यावर मी आकडे सांगितले, पण त्याच्या मोबाईलचा ओला पडदा थेंबांनाच बोट समजत होता. दोनदा चुकल्यावर त्याने बनियनचे आतले कोरडे टोक ओढून काच पुसली आणि तिसऱ्यांदा जमले. घरातून आणलेले पाणी त्याने उभ्यानेच प्यायले. वरचे पैसे मी दिले, ते खिशात घालताना तो घुटमळला.

“काका, बंधाऱ्याला पाणी किती झालं? माझ्या फोनचं चार्जिंग संपत आलंय, बघायला नको वाटतंय.”

“साडेअडतीस. घर कुठे तुमचं?”

“सुतारवाड्यात.”

पाणी वाढले की शहरात सगळ्यांत आधी जिथली माणसे हलवावी लागतात, त्यांतली ती वस्ती. मी आणखी काही विचारण्याआधीच तो वळला होता. मी गॅलरीत आलो, तेव्हा जिन्याच्या खिडक्यांतून त्याच्या मोबाईलचा उजेड एकेका मजल्याने खाली जाताना दिसत होता. चौथ्या मजल्याजवळ तो विझला, पण ओल्या बुटांचा पचपच आवाज तळापर्यंत येत राहिला.